तहकुबी आणि स्थगिती

कमलाक्षी मयेकर पेडण्याच्या कोर्टात वकिली करायची आणि आठवड्यातले दोन दिवस पणजीला कायद्याच्या पोरांना प्रशासकीय कायदा शिकवायची. शिकवताना तिला एकच गोष्ट छळायची. पोरं हुशार, पण अर्धी मराठी शाळांतून आलेली. 'नॅचरल जस्टिस' म्हटलं की वहीत इंग्रजी लिहून घ्यायची, पाठ करायची आणि परीक्षेत तसंच ओकून टाकायची. दुसऱ्या टोकाला कचेऱ्यांतले कारकून. गोव्यात मराठीत अर्ज आला तर उत्तर मराठीत द्यायचा प्रघात. पण उत्तर लिहायचं कुठल्या शब्दांनी? एक कारकून 'क्वॅश'ला 'रद्द' लिही, दुसरा 'फेटाळला'. आता आदेश रद्द होणं आणि अर्ज फेटाळला जाणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर; कागद हातात घेणाऱ्या माणसाला मात्र आपण जिंकलो की हरलो तेच कळायचं नाही.

म्हणून डिचोलीच्या लोकविधी मंडळानं प्रशासकीय कायद्याचा इंग्रजी-मराठी शब्दकोश काढायचं ठरवलं आणि संपादनाचं काम तिच्यावर सोपवलं, तेव्हा ती हरखून गेली. मानधन नावापुरतं होतं. तिला त्याचं काही नव्हतं.

तीन वर्षं तिनं त्या कामाला जुंपून घेतलं. एकेका शब्दाचं एकेक कार्ड केलं. वर इंग्रजी शब्द, खाली मराठी प्रतिशब्द, त्याखाली तो शब्द वापरलेलं एक साधं वाक्य. एक नियम तिनं पहिल्याच दिवशी कार्डांच्या खोक्यावर लिहून ठेवला होता : कायद्यात ज्या दोन गोष्टी वेगळ्या, त्यांना मराठीतही दोन वेगळे शब्द. अपील वेगळं; वरच्या अधिकाऱ्यानं आपण होऊन खालच्याचं काम तपासणं, ते पुनरीक्षण वेगळं; आणि ज्यानं निकाल दिला त्यानंच तो पुन्हा पाहणं, ते पुनर्विलोकन आणखी वेगळं. शब्द शोधायला ती पुस्तकांत जायची तशी कचेऱ्यांतही जायची. मामलेदाराच्या कचेरीतल्या बाकड्यावर बसून लोक काय बोलतात ते ऐकायची. लोक बोलतात तो शब्द कायद्याला चालत असेल, तर तोच घ्यायचा असा तिचा हट्ट.

'ॲडजर्नमेंट'च्या कार्डावर म्हणून तिनं लिहिलं होतं : 'तहकुबी. सुनावणी पुढच्या तारखेपर्यंत तहकूब केली.' आणि 'स्टे'च्या कार्डावर : 'स्थगिती. अपिलाचा निकाल लागेपर्यंत आदेशाच्या अंमलबजावणीला स्थगिती दिली.' त्याखाली लाल शाईत सूचनाही होती : 'तहकुबीनं फक्त तारीख पुढे जाते. आदेश जिवंतच राहतो. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत.'

मंडळाचे अध्यक्ष कृष्णनाथ धारगळकर म्हणजे निवृत्त प्राचार्य. धोतर-कोटातला उंचापुरा माणूस, संस्कृत मुखोद्गत, आणि गोव्यात मराठी टिकावी म्हणून उभा जन्म झिजवलेला. त्यांच्याविषयी कमलाक्षीला आदर होता. तो खोटा नव्हता. पण छपाईची मुद्रितं त्यांच्याकडून तपासून परत आली तेव्हा ती पानापानावर थांबत गेली. 'तहकुबी' गेली होती. 'कारणे दाखवा नोटीस'च्या जागी 'कारणदर्शन सूचना' आली होती. 'मुदत', 'हरकत', 'जप्ती', 'तक्रार' यांच्यावर लाल रेघा ओढल्या होत्या. आणि 'ॲडजर्नमेंट'पुढे सुबक अक्षरात लिहिलं होतं : 'स्थगन, स्थगित करणे.'

ती त्याच दिवशी डिचोलीला गेली.

"सर, स्टेला आपण स्थगिती हा शब्द दिलाय. स्थगित करणं म्हणजे स्टे देणं. ॲडजर्नमेंटलाही तेच दिलं तर घोळ होईल."

धारगळकर चष्मा पुसत शांतपणे म्हणाले, "कमलाक्षीबाई, तहकुबी हा शब्द आपला नाही. परक्या राजवटीनं आपल्या तोंडात घातलेला. चारशे-साडेचारशे वर्षं आपण परक्यांचे शब्द चघळले, आता स्वतःचा कोश करतानाही तेच करायचं? आणि विधिमंडळात स्थगन प्रस्ताव म्हणतात ना? तो ॲडजर्नमेंटचाच ना?"

"विधिमंडळात चालतं, सर. तिथं आमदारांना माहीत असतं काय चाललंय ते. इथं कागद हातात पडणार तो घर जाऊ घातलेल्या माणसाच्या."

"संदर्भावरून अर्थ कळतो."

"ज्याला कळतो त्याला कोश लागत नाही, सर."

धारगळकरांचा चेहरा बदलला. आवाज मात्र त्यांनी चढवला नाही. तसा तो कधीच चढत नसे. "तुम्ही कायदा बघा. भाषा माझ्यावर सोडा. प्रकाशनाची तारीख ठरली आहे, पाहुणे ठरले आहेत. काही राहिलंच तर दुसऱ्या आवृत्तीत पाहू."

तिनं मंडळाच्या सभेत विषय मांडला. सातातल्या पाच जणांनी सरांकडे पाहिलं आणि मान डोलावली. सहावा तिला नंतर जिन्यात म्हणाला, "तुमचं बरोबर आहे हो, पण म्हाताऱ्याला कशाला दुखवायचं?" तिनं शुद्धिपत्राची एक पट्टी तरी छापा म्हणून गळ घातली. पट्टी छापली गेली. प्रकाशनाच्या दिवशी मात्र एकाही प्रतीत ती नव्हती. पहिल्याच दिवशी चुका कबूल केल्या तर पाहुण्यांसमोर शोभा होईल, म्हणून गठ्ठा कपाटात राहिला. व्यासपीठावर कमलाक्षीला शाल मिळाली. कोशाच्या मुखपृष्ठावर तिचं नाव ठळक होतं आणि टाळ्या वाजत होत्या. राजीनामा द्यावा असं तिच्या मनात येऊन गेलं. दिला नाही. बाकीचा कोश चांगला होता. चौदाशे शब्दांतल्या पन्नासेक शब्दांसाठी सगळ्यावर पाणी सोडायचं का, असं तिनं स्वतःला समजावलं.

कोश वेगानं पसरला. पोरांनी घेतला, कचेऱ्यांनी घेतला. म्हापशाच्या ज्या कचेरीत पंचायतींच्या आदेशांवरची अपिलं चालत, तिथं वरिष्ठांनी लेखी फर्मान काढलं की, यापुढे मराठी पत्रांत याच कोशातले शब्द वापरावेत. तिथल्या गोकुळदास हळर्णकर नावाच्या कारकुनानं तर आपल्या प्रतीला खाकी कव्हर घातलं. आपल्या गावच्या लोकांना आपल्या भाषेत कागद देता येतो याचं त्याला मनापासून अप्रूप होतं. कमलाक्षी कचेरीत गेली की तो उठून उभा राहायचा. "मॅडम, तुमचं पुस्तक नसतं तर आमचं काय झालं असतं!" ती कसंनुसं हसायची.

त्या पावसाळ्यानंतर शेवंती तिच्याकडे आली. मांद्रेच्या पलीकडे समुद्राला लागून असलेल्या एका वाड्यावरची, छोट्या वस्तीतली, ही विधवा. घरातच गेस्टहाऊसांतल्या कामगारांना शीत-कडी, तळलेले मासे जेवायला घालून पोट भरायची. मुलगी लाटंबार्से गावी दिलेली. शेजारी नवं गेस्टहाऊस आलं, त्याच्या मालकाला मधली वाट हवी होती, आणि त्यानं पंचायतीत तक्रार केली की शेवंतीचं घर बेकायदा आहे. पंचायतीनं पाहणी केली तीही शेवंती बाजाराला गेली असताना. मग घर पाडण्याचा आदेश दाराला चिकटवला.

"वकीलबाय, माझ्या घोवाच्या बापाशीन बांधलला घर ता. बेकायदा कसा?"

सासऱ्यानं बांधलेल्या घरावरचा तो कागद कमलाक्षीनं वाचला. आदेश अर्ध्या पानाचा. कारणं नाहीत, बाईचं म्हणणं ऐकून घेतलेलं नाही. वर्गात मुलांना शिकवायला घ्यावा असा नमुना. तिनं म्हापशाच्या त्या कचेरीत घालायला अपील तयार केलं, सोबत आदेशाला स्थगिती मागणारा अर्ज जोडला आणि शेवंतीला समोर बसवून समजावलं.

"हे बघ, अपील घातलं म्हणून घर वाचत नाही. अपील चालू असतानाही ते येऊन पाडू शकतात. घर वाचवणारा शब्द एकच, स्थगिती. साहेबानं स्थगिती दिली की कोणी हात लावू शकत नाही. नाही दिली, तर त्याच दिवशी माझ्याकडे ये. आपण वरच्या कोर्टात जाऊ."

"स्थगिती," शेवंतीनं शब्द घोळवून म्हटला. "स्थगिती. ध्यानात ठेवतंय."

अर्जाच्या सुनावणीच्या दिवशी कमलाक्षी स्वतः जायची होती, पण डिचोलीतल्या एका खटल्याचा अखेरचा युक्तिवाद त्याच सकाळी लागला आणि तिथल्या न्यायाधीशांनी तारीख द्यायचं नाकारलं. तिनं आपल्या सहकाऱ्याला म्हापशाला पाठवलं. त्याची मोटरसायकल धारगळच्या चढावर बंद पडली. तो पोचेपर्यंत कामकाज आटोपलं होतं. कामकाज तरी कसलं! साहेब निवडणुकीच्या कामावर गेले होते. त्या दिवसाची सगळी प्रकरणं एकगठ्ठा पुढच्या महिन्यावर ढकलली गेली. हे सहकाऱ्याला कळलंच नाही. दार बंद बघून तो परतला आणि "शेवंतीबाय कागद घेऊन गेली म्हणे" एवढंच त्यानं सांगितलं.

शेवंती खरंच कागद घेऊन गेली होती. अर्ज मराठीत होता, म्हणून गोकुळदासनं उत्तरही मराठीत, कोश उघडून, काळजीपूर्वक लिहिलं होतं : 'आपले प्रकरण पुढील तारखेपर्यंत स्थगित करण्यात आले आहे.' खाली सही, शिक्का.

शेवंतीला वाचायला येत होतं. तिनं तो शब्द वाचला. बसमध्ये पुन्हा वाचला. पेडण्याला उतरून ती कमलाक्षीच्या घरी गेली. कमलाक्षी अजून आलेली नव्हती. शेवंतीनं तिच्या आईच्या हातावर पिशवीतून आणलेले बांगडे ठेवले आणि म्हणाली, "वकीलबायक सांगा, माका स्थगिती गावली. शिक्क्याचो कागद दिलो. देव तिचा बरा करो."

आईनं रात्री जेवताना निरोप सांगितला. कमलाक्षीनं हुश्श केलं. एक क्षण तिच्या मनात आलं की कागद पाहायला हवा होता. पण दिवसभराच्या युक्तिवादानं डोकं भणभणत होतं. प्रकरण बळकट होतं, स्थगिती मिळणारच होती. बांगडे ताजे होते.

पथक आलं त्या दिवशी ती पणजीला शिकवत होती. जे घडलं ते तिनं नंतर शेजाऱ्यांकडून ऐकलं. जेसीबी वाड्यावर शिरला, मागून पोलिसांची गाडी. शेवंती भाताच्या टोपाखालचं लाकूड ओढून बाहेर आली. घाबरली नव्हती. आत जाऊन तिनं देवाच्या फोटोमागून कागद काढला आणि पथकाच्या अधिकाऱ्यापुढे धरला.

"माका स्थगिती आसा. हात लावक जावचा नाय."

अधिकाऱ्यानं कागद वाचला. दोनदा वाचला. माणूस वाईट नव्हता. त्यानं म्हापशाला फोनही लावला. पलीकडून कोणीतरी इंग्रजी रोजनामा, त्या दिवसाच्या कामकाजाची नोंद, वाचून दाखवला : साहेब नव्हते, तारीख पुढची, कसलाही अंतरिम आदेश नाही. अधिकाऱ्यानं फोन ठेवला.

"बाय, ही फक्त तारीख दिलली आसा. हो स्टे न्हय."

"पण हयसर बरयलला आसा! स्थगित! वाचा मगो!"

"बाय, सामान भायर काड. अर्दो वर दितां."

त्या अर्ध्या तासात तिनं सामान काढलं नाही. ती उंबऱ्यावर कागद पुढे धरून बसून राहिली. दोन महिला पोलिसांनी तिला उचलून माडाखाली नेलं. भांडी शेजाऱ्यांनी काढली. भात चुलीवरच राहिला.

कमलाक्षी संध्याकाळी पोचली तेव्हा भिंतींचे लाल चिरे अंगणभर पसरले होते. शेवंती रडत नव्हती. तिनं कागद कमलाक्षीच्या हातात दिला.

"तुमीच सांगलला ना, हो शब्द घर वाचयता म्हणान?"

कमलाक्षीनं तो एका ओळीचा कागद वाचला आणि तिला मुद्रितावरचं ते सुबक लाल अक्षर आठवलं. आपण तारीख चुकवली, कागद पाहिला नाही, हेही खरं होतं. ते तिनं तिथंच शेवंतीला सांगितलं. शेवंतीनं ऐकून घेतलं. "जाता तसा," होतं असं, एवढंच म्हणाली, आणि ते शब्द क्षमेचे होते की नाही हे कमलाक्षीला कधीच कळलं नाही.

वर्तमानपत्रात बातमी आली आणि कोणाला तरी धरणं भाग पडलं. गोकुळदासला धरलं. दिशाभूल करणारं पत्र दिलं म्हणून त्याच्या हातात कारणे दाखवा नोटीस पडली, मग आरोपपत्र, मग खात्याची चौकशी. कमलाक्षी त्याच्या बाजूनं साक्षीला उभी राहिली. कार्डं घेऊन गेली, मुद्रितं घेऊन गेली, वरिष्ठांचं ते लेखी फर्मान दाखवलं.

"कारकुनानं वरिष्ठांचा हुकूम पाळला," ती म्हणाली. "चूक कोशात आहे. कोश माझ्या नावावर आहे."

चौकशी अधिकाऱ्यानं पहिलं पान उलटून तिच्यापुढे धरलं. तिथं बारीक टायपात छापलं होतं की हा कोश केवळ अभ्यासासाठी आहे, त्याला कायदेशीर प्रामाण्य नाही. "मग कारकुनानं यावर विसंबायला नको होतं," तो म्हणाला. "इंग्रजी रोजनामा त्याच्या समोरच होता."

"आणि ज्यांनी विसंबायला सांगितलं त्यांनी?"

"तो या चौकशीचा विषय नाही."

गोकुळदासची एक वेतनवाढ रोखली गेली. आदेश सकारण होता, त्याला बाजू मांडायची संधी मिळाली होती, प्रक्रियेत बोट ठेवायला जागा नव्हती. तो कमलाक्षीला कचेरीच्या व्हरांड्यात भेटला. ती काही बोलायच्या आत म्हणाला, "मॅडम, पैशांचं नाही काही. पण आता मी इंग्लिशमधूनच लिहितो. लोकांना नाही कळलं तर नाही कळलं. मग कोणी मला जाब विचारत नाही." तिला पाहून तो आता उठून उभा राहिला नव्हता.

फर्मान मागे घेतलं गेलं. दोन-तीन कचेऱ्यांनी ते पाहून मराठी उत्तरंच थांबवली. हे सगळं घेऊन कमलाक्षी धारगळकरांकडे गेली. ते आजारी होते, आरामखुर्चीत पडून होते. तिनं घर पडल्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले.

"वाईट झालं," ते म्हणाले. मग डोळे उघडून : "पण चौकशीत मंडळाची मुद्रितं दाखवायला नको होती, कमलाक्षीबाई. मराठीचे वैरी टपूनच बसलेत. त्यांना काय हवं होतं? मराठीत कारभार होत नाही, एवढंच ना? ते तुम्ही त्यांच्या हातात दिलंत."

"मी दिलं, सर?"

त्यांनी पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं. पुढच्या सभेत संपादकपदावरून तिला मोकळं करण्यात आलं. ठरावात तिच्या परिश्रमांबद्दल आभार मानले होते. सहाव्या सभासदानं जिन्यात तिची वाट पाहिली नाही.

अपील मात्र चालूच होतं. कमलाक्षीनं ते सोडलं नाही. आता एकही तारीख तिनं चुकवली नाही. साहेबांसमोर ती तासभर बोलली : पाहणीची पूर्वसूचना नाही, बाजू ऐकली नाही, आदेशाला कारण नाही. नैसर्गिक न्यायाची तिन्ही अंगांनी पायमल्ली. साहेबांना पटलं. निकाल तिच्या बाजूनं लागला : पंचायतीचा आदेश रद्दबातल, आणि शेवंतीचं म्हणणं ऐकून नव्यानं निर्णय घेण्यासाठी प्रकरण पंचायतीकडे परत.

निकाल घेऊन ती लाटंबार्सेला गेली. शेवंती तिथं मुलीच्या घरी राहत होती. काजूच्या बागेत बिया वेचत होती. हात चिकानं काळे झालेले.

"आपण जिंकलो," कमलाक्षी म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला लाज वाटली.

"म्हणजे घर गावतला?"

"नाही. म्हणजे पाडायचा हुकूम चुकीचा होता. आता पंचायत तुझं ऐकून घेईल आणि पुन्हा ठरवेल."

"काय ठरयतली?"

"घर पाडायचं की नाही ते."

शेवंतीनं तिच्याकडे पाहिलं. थट्टा चालली आहे की काय, ते बघावं तसं पाहिलं. मग खाली वाकून पुन्हा बिया वेचू लागली. नुकसानभरपाईसाठी वेगळा दावा घालता येईल, असं कमलाक्षी सांगत राहिली. वर्षं लागतील, पण घालू. शेवंती हूं हूं करत होती.

महिन्याभरात पंचायतीची नोटीस निघाली. शेवंतीचा पत्ता कागदोपत्री जुनाच होता, म्हणून शिपाई नोटीस घेऊन वाड्यावर गेला. बजावणीच्या अहवालात त्यानं लिहिलं की सदर बाई घरी आढळल्या नाहीत. घरही आढळले नाही. सबब नोटीस समोरच्या माडाला, दोन साक्षीदारांसमक्ष चिकटवली आहे.

सुनावणीच्या दिवशी कमलाक्षी पंचायतीच्या कचेरीत एकटीच गेली. सरपंच यायला उशीर होता. सचिवानं तिला खुर्ची दिली, चहा मागवला. खिडकीतून शेजारच्या गेस्टहाऊसचा नवा रस्ता दिसत होता. त्यावरून दोन परदेशी बायका चटया घेऊन समुद्राकडे चालल्या होत्या. बऱ्याच वेळानं सचिव फोन ठेवून म्हणाला, "मॅडम, सरपंचांना पणजीला जावं लागलं. आज होत नाही. पुढची तारीख देतो. काय लिहू?"

कमलाक्षीनं चहाचा कप खाली ठेवला.

"इंग्रजीत लिहा," ती म्हणाली.